ट्रेडमार्क विरोधाच्या निकालाचा सारांश लिहिताना या चुका टाळा

‘अमृतधारा आणि लक्ष्मणधारा या नावांत फसवं साम्य आहे, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मणधाराची नोंदणी नाकारली.’ ज्युनियरांनी लिहिलेल्या सारांशांत हे वाक्य मला वारंवार सापडतं. त्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे, दुसरा चूक. नोंदणी मिळाली होती, पण ती उत्तर प्रदेशापुरती मर्यादित होती.

अशी चूक का होते, हे नीट पाहण्यासारखं आहे. साम्याची चर्चा निकालात सगळ्यात रंगतदार असते. ती वाचून झाली की पुढची पानं चाळली जातात, आणि ‘साम्य आहे’ म्हणजे ‘नोंदणी नाही’ असं मनात आपोआप जुळतं. अमृतधारा हे नाव 1903 पासून वापरात होतं, लक्ष्मणधारा 1923 पासून. दोन्ही औषधं एकाच कामाची. लक्ष्मणधाराच्या मालकाने 1950 मध्ये नोंदणीसाठी अर्ज केला आणि अमृतधाराने विरोध नोंदवला. नावं गोंधळ करण्याइतकी जवळची आहेत, हे रजिस्ट्रारनी मान्य केलं. पण समोरच्याचा धंदा वाढत असल्याचं माहीत असूनही विरोधक वर्षानुवर्षं गप्प राहिला, असंही त्यांना दिसलं. ही मूक संमती ‘विशेष परिस्थिती’त धरून त्यांनी उत्तर प्रदेशातल्या विक्रीपुरती नोंदणी दिली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने साम्यच नाकारलं. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये तो निर्णय रद्द करून रजिस्ट्रारचा आदेश पुन्हा कायम केला. म्हणून सारांश लिहायला घेण्याआधी निकालाचा शेवटचा परिच्छेद वाचा आणि ‘अपील मंजूर’ झाल्यामुळे नेमका कोणता आदेश उभा राहिला, हे आधी टिपून ठेवा.

दुसरी चूक जास्त घातक, कारण ती सहज नजरेत येत नाही. एका न्यायालयाचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडी जातं. ‘अमृतधारा म्हणजे अमृताची धार, लक्ष्मणधारा म्हणजे लक्ष्मणाची धार, त्यामुळे कुणी भारतीय या दोन कल्पनांत गोंधळणार नाही’ हा युक्तिवाद उच्च न्यायालयाचा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो खोडण्यासाठीच उद्धृत केला. मजकुरात तो त्याच निकालाच्या पानांवर असल्यामुळे घाईत वाचणारा त्याला सर्वोच्च न्यायालयाचं मत समजतो. मी समासात प्रत्येक परिच्छेदापुढे ‘र’, ‘उ’, ‘स’ अशी खूण करते. ‘अपीलकर्त्याचे म्हणणे’ किंवा ‘उच्च न्यायालयाच्या मते’ असे शब्द आले, की पुढचं वाक्य कुणाचं आहे हे थांबून बघायचं.

साम्याचा तर्क एका वाक्यात गुंडाळू नका. ‘उच्चार सारखा म्हणून फसवं साम्य’ एवढ्याने वाचकाला काहीच कळत नाही. न्यायालयाने तीन गोष्टी जोडल्या होत्या. ग्राहक कोण? खेड्यातला आणि शहरातला, साक्षर आणि निरक्षरही, साधारण बुद्धीचा आणि अर्धवट आठवणीचा. तो नाव कसं घेतो? अख्खं. शब्दाचे तुकडे पाडून व्युत्पत्ती शोधायला तो थांबत नाही. आणि माल कोणता? एकाच प्रकारचं औषध. सारांशात दोन नावांची तुलना करताना ‘धारा समान, अमृत आणि लक्ष्मण वेगळे’ असा तक्ता आखलात, तर न्यायालयाने नाकारलेलीच पद्धत तुम्ही वापरता. ‘धारा’ या शब्दावर मक्तेदारी मिळाली, असंही लिहू नका. विरोधकाचा दावा पूर्ण नावावरच्या हक्काचा होता, असं न्यायालयाने स्पष्ट केलं आहे.

विरोधाची कारणं लिहिताना कलमांची खिचडी होते. हे प्रकरण 1940 च्या कायद्याखालचं: कलम 8(अ) फसवणूक किंवा गोंधळाचं, कलम 10(1) आधी नोंदलेल्या चिन्हाशी साम्याचं आणि 10(2) अपवादाचं. आजच्या 1999 च्या कायद्यात आधीच्या चिन्हाशी साम्य कलम 11(1) मध्ये, पासिंग ऑफचा आधार 11(3) मध्ये आणि प्रामाणिक समांतर वापर किंवा विशेष परिस्थिती कलम 12 मध्ये येते. जुन्या निकालाच्या सारांशात नवी कलमं घालू नका. नोटिशीत मांडलेली कारणं आणि प्रत्यक्ष निर्णय झालेली कारणं वेगवेगळ्या ओळींत लिहा. नोटिशीत सात-आठ कारणं असतात आणि निकाल दोनवर उभा असतो, असं नेहमीच घडतं.

वरच्या प्रकरणाचा सारांश मी असा लिहीन: ‘एकाच प्रकारच्या औषधासाठी अमृतधारा (नोंदणीकृत) विरुद्ध लक्ष्मणधारा (अर्ज). कारणं: 1940 चा कायदा, कलम 8(अ) व 10(1). साधारण बुद्धीच्या, अर्धवट आठवणीच्या ग्राहकाला नावाचं एकूण रूप आणि उच्चार गोंधळात टाकतील, म्हणून फसवं साम्य सिद्ध. मात्र विरोधकाच्या मूक संमतीमुळे कलम 10(2) लागू, नोंदणी उत्तर प्रदेशापुरती. उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द, रजिस्ट्रारचा आदेश कायम.’