साहित्य आढावा अडला होता, तक्त्याने सोडवला

ठिबक सिंचनाने भूजल वाचतं का, यावरचा माझा साहित्य आढावा 'अमुक यांच्या मते असं, तमुक यांच्या मते तसं' इथेच अडला होता. गाइड मॅडमनी विचारलं, "यांचं आपसात पटतंय की नाही, ते कुठे आहे?"

मग एक्सेलमध्ये तक्ता केला. एका ओळीत एक शोधनिबंध. रकान्यांत मुद्दे: पाणीवापर, उत्पादन, पीकबदल, भूजल पातळी. प्रत्येक चौकटीत निष्कर्षाचं एकच वाक्य, माझ्या शब्दांत, पान क्रमांकासह. शिवाय 'मोजमाप कुठे केलं' हा वेगळा रकाना. खरी गाठ तिथेच सुटली. पाणी वाचतं म्हणणारे बहुतेक जण एका प्लॉटवर मोजत होते, वाचत नाही म्हणणारे गाव किंवा पाणलोट पातळीवर. वाचलेल्या पाण्यावर शेतकरी बागायत वाढवतो आणि जमिनीत मुरून परत जाणारं पाणीही घटतं, त्यामुळे दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात.

तक्ता आडवा भरायचा, पण लिहिताना उभा वाचायचा: एक रकाना, एक परिच्छेद.

रिकाम्या चौकटीबाबत मात्र घाई नको. निबंधात तो मुद्दा नसेल तर 'नाही', आपण अजून तपासलंच नसेल तर '?'. रकानाभर 'नाही' दिसलं की वेगळे शब्द घालून पुन्हा शोधावं. 'ठिबक'ऐवजी 'सूक्ष्म सिंचन' टाकल्यावर पीकबदलाचा रकाना बराच भरला. एकाच गावात प्लॉट आणि विहिरी दोन्ही सलग मोजणारं काम मात्र तरीही सापडलं नाही. माझा संशोधन प्रश्न तिथून ठरला.