उरलेला भात: गरम कसा करावा यापेक्षा थंड कसा करावा

रात्री उरलेला भात पातेल्यातच झाकून ठेवायचा आणि सकाळी खाताना चांगला वाफ येईपर्यंत गरम करायचा, की काही धोका नाही, असं बहुतेक घरांत समजलं जातं. इतर बऱ्याच जंतूंच्या बाबतीत हा विचार बरोबरही आहे. पण भातात वाढणारा बॅसिलस सिरियस नावाचा एक जिवाणू असा आहे, की त्याने अन्नात सोडलेलं विष उकळून, परतून किंवा मायक्रोवेव्हमध्ये फिरवून जात नाही. त्यामुळे या भाताची सुरक्षितता ठरते ती सकाळच्या गॅसवर नाही, तर आदल्या रात्री भात शिजल्यानंतरच्या पहिल्या दोनेक तासांत.

बॅसिलस सिरियस मातीत राहतो. तांदळावर तो येतो तो बीजाणूंच्या रूपात. बीजाणू म्हणजे जाड कवचात झोपलेला जिवाणू. तांदूळ कितीही धुतले तरी काही बीजाणू राहतातच, आणि भात शिजताना लागणारी उष्णता त्यांतले बरेचसे सहन करतात. उलट त्या उष्णतेने त्यांना जाग येते आणि त्यांच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे जंतू मात्र मेलेले असतात. मग भात कोमट झाला की ओलावा, पिष्ट आणि ऊब असं सगळं त्यांना एकाच ठिकाणी मिळतं.

या जिवाणूमुळे दोन वेगळे आजार होतात. एकात जिवाणू पोटात जाऊन आतड्यात विष तयार करतो आणि काही तासांनी जुलाब होतात. दुसऱ्यात विष अन्नातच तयार झालेलं असतं आणि माणूस तेच खातो. हा दुसरा प्रकार म्हणजे उलट्यांचा आजार, आणि या लेखाचा विषय तोच आहे. या विषाचं नाव सेरुलाइड. ते १२१ अंश सेल्सिअसला तासाहून अधिक वेळ टिकतं, म्हणजे प्रेशर कुकरसुद्धा त्याचं काही बिघडवू शकत नाही. पोटातलं आम्ल आणि पाचकरसही त्याला तोडू शकत नाहीत. सगळेच बॅसिलस सिरियस ते बनवत नाहीत, पण आपल्या पातेल्यातला बनवतो की नाही हे ओळखायचा घरगुती मार्ग नाही.

हा आजार पहिल्यांदा नीट लक्षात आला तो १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये. उपाहारगृहांतला परतलेला भात खाऊन लोकांना काही तासांतच उलट्या होत होत्या. तिथे भात मोठ्या प्रमाणात शिजवून रात्रभर बाहेरच ठेवला जाई, कारण फ्रीजमध्ये ठेवलेल्या भाताचे गोळे होतात आणि तो परतायला त्रासदायक जातो. दुसऱ्या दिवशी तो कढईत तापे, जिवाणू मरत, विष तसंच राही.

किती वेळात काय होतं

एक हिशोब करून पाहू. समजा, भाताच्या प्रत्येक ग्रॅममध्ये १०० बीजाणू वाचले. भात कोमट झाल्यावर त्यांना जागं व्हायला एक तास लागला आणि मग दर अर्ध्या तासाला त्यांची संख्या दुप्पट होत गेली. तिसऱ्या तासाच्या शेवटी चार वेळा दुप्पट होऊन ते १,६०० होतात, म्हणजे फार नाही. पण आठव्या तासाच्या शेवटी चौदा वेळा दुप्पट झालेले असतात आणि आकडा सोळा लाखांच्या पुढे जातो. आजाराच्या प्रकरणांत सापडलेल्या अन्नात साधारणपणे ग्रॅममागे एक लाखापासून पुढे जिवाणू दिसतात. प्रत्यक्षात वेग तापमानाप्रमाणे कमी-जास्त होईल, पण रीत हीच राहते: सुरुवातीचे तास जवळजवळ शांत जातात आणि धोका पुढच्या काही तासांत एकदम उभा राहतो. म्हणून ‘थोडाच वेळ बाहेर होता’ आणि ‘रात्रभर बाहेर होता’ यांतला फरक पाचपटीचा नसून हजारपटीचा आहे.

५ ते ६० अंश सेल्सिअस हा टप्पा टाळायचा. विष मुख्यतः घरातल्या नेहमीच्या तापमानाला आणि त्याहून थोड्या उबेत तयार होतं. फ्रीजच्या थंडीत त्याची निर्मिती जवळपास थांबते.

पायरी १: ठरवा, गरम ठेवायचा की थंड करायचा

तासाभरात कोणी जेवणार असेल तर भात गरमच ठेवा. कुकरच्या ‘गरम ठेवा’ सोयीवर विसंबायचं असेल तर एकदा भाताच्या मधोमध तापमापक खुपसून पाहा. तिथे ६० अंशांहून जास्त असलं पाहिजे. वीज गेली किंवा बटण बंद झालं, की त्या क्षणापासून घड्याळ सुरू झालं असं धरा.

बाकी सगळा भात जेवण संपायची वाट न पाहता लगेच थंड करायला घ्या. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. ‘उरलं तर बघू’ म्हणत पातेलं ओट्यावर राहतं आणि झोपायच्या वेळी आठवण होते.

पायरी २: पातेल्यातून बाहेर काढा आणि पसरा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. भात हा उष्णतेचा वाईट वाहक आहे आणि घट्ट पातेल्यात वरचा थर गार लागला तरी मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. थराची जाडी निम्मी केली, की मधली उष्णता बाहेर यायला लागणारा वेळ साधारण चौथाईवर येतो. म्हणून जाडी कमी करण्याइतका दुसरा कोणताही उपाय परिणामकारक नाही.

अर्धा किलो तांदळाचा भात घ्या. शिजून तो सव्वा ते दीड किलोच्या आसपास होतो. उभट पातेल्यात त्याची उंची १२ सेंटिमीटरच्या घरात जाते. तोच भात दोन स्वच्छ, पसरट ताटांत काढला तर थर अडीच-तीन सेंटिमीटरचा होतो. चमच्याने हलक्या हाताने मोकळा करा म्हणजे वाफ निघून जाईल. वाफ जाताना उष्णता सोबत घेऊन जाते, त्यामुळे या अवस्थेत झाकण घालू नका. पंख्याखाली ठेवला तर आणखी बरं. साधारण अर्ध्या तासात हाताला कोमटही लागणार नाही.

भात खूप असेल, तर त्याचं पातेलं बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवून मधूनमधून तळापासून हलवा. थंड खाण्यासाठीच शिजवला असेल, तर चाळणीत घेऊन पिण्याच्या स्वच्छ थंड पाण्याने धुऊन निथळणं सगळ्यात जलद.

पायरी ३: फ्रीजमध्ये कसा ठेवायचा

गरम वस्तू फ्रीजमध्ये ठेवली की फ्रीज बिघडतो, ही समजूत अनेक घरांत भाताला रात्रभर बाहेर ठेवायला लावते. पातळ थरात पसरलेला, वाफ गेलेला, किंचित कोमट भात फ्रीज सहज सांभाळतो. त्रास होतो तो मोठं, वाफाळतं पातेलं आत घातल्यावर, कारण शेजारच्या वस्तू तापतात आणि पातेल्याचा मधला भाग तरीही गार होत नाही.

उथळ डबे घ्या, ते एकावर एक न रचता शेजारीशेजारी ठेवा आणि पूर्ण गार झाल्यावर झाकण घट्ट लावा. शिजल्यापासून फ्रीजपर्यंतचा वेळ तासाभराचा असेल तर उत्तम. दोन तासांपुढे जाऊ देऊ नका, आणि उन्हाळ्यात घरातलं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एक तास हीच मर्यादा धरा. फ्रीज ५ अंश किंवा कमी तापमानाला असावा. डब्यावर शिजवल्याची वेळ लिहा. तो भात दुसऱ्या दिवशीच संपवा, त्याहून जास्त ठेवायचा असेल तर सरळ फ्रीझरमध्ये टाका.

पायरी ४: गरम करा, पण एकदाच

लागेल तेवढाच काढा आणि आतपर्यंत वाफ येईपर्यंत, म्हणजे ७५ अंशांच्या आसपास, गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये मधे थांबून हलवा. याने वाढलेले जिवाणू मरतात, बीजाणू मात्र पुन्हा वाचतात, म्हणून उरलेला गरम भात परत साठवू नका.

रात्रभर बाहेर राहिला असेल तर

टाकून द्या. वास घेऊन, चिमूटभर चाखून निर्णय करू नका, कारण सेरुलाइडला वास नाही, चव नाही, आणि भात चिकट किंवा आंबूस न होताही त्यात ते असू शकतं. अन्न टाकताना जीव तुटतो हे खरं, पण त्यावर पुन्हा गॅस जाळून ते परत मिळवता येत नाही.

हे फक्त भातापुरतं नाही, शिजवलेल्या पास्ता-नूडल्सनाही तितकंच लागू आहे. २००८ मध्ये बेल्जियममध्ये एका वीस वर्षांच्या तरुणाने पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाल्ली. अर्ध्या तासात त्याचं डोकं दुखू लागलं, पोटात कळा आल्या आणि उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मृतावस्थेत सापडला. शवविच्छेदनात यकृतातल्या पेशी मध्यम प्रमाणात मेलेल्या दिसल्या. स्पॅगेटीत बॅसिलस सिरियस मोठ्या संख्येने होता. सेरुलाइड पेशींतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागावर, म्हणजे मायटोकाँड्रियावर, आघात करतं. म्हणून क्वचित यकृताला इतकी गंभीर इजा होते. असं फार विरळा घडतं, पण हे अन्न गरम करून खाल्लेलं होतं हे विसरू नये.

उलट्या सुरू झाल्याच तर

खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. बहुतेकांना चोवीस तासांत बरं वाटतं. ओआरएस घोट-घोट द्या. एकदम ग्लासभर दिलं तर तेही बाहेर येतं. प्रतिजैविकांचा इथे उपयोग नाही, कारण त्रास विषाचा आहे. उलटी थांबवायची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी फार कमी झाली असेल, सुस्ती किंवा गोंधळलेपण असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. लहान मुलांच्या बाबतीत याहूनही लवकर. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: काय खाल्लं, ते कधी शिजवलं होतं आणि मधल्या वेळात कुठे ठेवलं होतं. अन्न उरलं असेल तर फेकण्याआधी थोडं बंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. तपासणीची गरज पडलीच तर त्यात विष आहे का ते पाहता येतं.