शंभर एमबीपीएस असूनही गेम अडकत होता

वेग तपासला की डाउनलोड दरवेळी १०० एमबीपीएसच्या आसपास दिसे, तरीही रात्री खेळताना पात्र जागीच थबके आणि क्षणात दुसरीकडे प्रकट होई. गेमला डेटा फारच थोडा लागतो. महत्त्वाचे असते ते प्रत्येक पॅकेट वेळेवर आणि सारख्या अंतराने पोहोचणे. म्हणून विंडोजच्या दोन कमांड खिडक्यांत एकाच वेळी पिंग, म्हणजे उत्तर किती वेळात येते ते मोजणारी आज्ञा, चालू ठेवली: एक राउटरला, दुसरी बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला.

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

राउटरचे उत्तर १-२ मिलिसेकंदांत स्थिर येत होते, म्हणजे घरातले वाय-फाय निर्दोष होते. बाहेरचे मात्र २५ वरून एकदम ४०० वर उडी मारून परत येई. सरासरी पाहिली असती तर हे कळलेच नसते.

या उड्या घरातल्या फोनचे फोटो क्लाउडवर चढत असतानाच येत होत्या. माझा अपलोड जेमतेम १० एमबीपीएस असल्याने राउटरमध्ये पॅकेटांची लांब रांग साचे आणि गेमचे छोटे पॅकेट त्या रांगेच्या शेवटी अडके. राउटरमध्ये ही रांग आटोक्यात ठेवणारी एसक्यूएम ही सोय सुरू करून अपलोडची मर्यादा ८.५ एमबीपीएस ठेवली, तेव्हा फोटो चढत असतानाही पिंग ३५ च्या वर गेले नाही. अर्थात, अडथळा सेवादात्याच्या पुढच्या जाळ्यात असेल, तर हा उपाय चालत नाही.