मॉर्टॅलिटी मीटिंगला केस मांडण्याआधी

मीटिंग शुक्रवारी असेल तर केसपेपर सोमवारीच काढून घ्या, आणि त्यात एक अक्षरही नवीन भरू नका. अडीच ते साडेतीन कोणीच काही लिहिलेलं नसेल, तर स्लाइडवर ‘नोंद नाही’ असंच येऊ द्या. केसपेपरसोबत सिस्टरांचा चार्ट, लेबर रूमचं कॉल बुक आणि ब्लड बँकेचं रजिस्टरही घ्या. लेबर रूमच्या भिंतीवरचं घड्याळ आणि ब्लड बँकेचा संगणक यांची वेळ जुळते का, हेही जाऊन बघा. दहा मिनिटांचा फरक असला, तर नसलेला उशीर कागदावर दिसतो आणि तो कोणाच्या तरी माथी बसतो.

समजा, बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने झालेला मृत्यू मांडायचा आहे. रात्री 1.10 ला प्रसूती, 2.20 ला रक्ताची मागणी, 3.35 ला पहिली पिशवी, 5.50 ला मृत्यू. पहिल्या कच्च्या स्लाइडवर हमखास येणारं वाक्य म्हणजे ‘रक्तस्राव ओळखायला उशीर झाला’. ते खोडा. ‘ओळखला गेला नाही’ असं कर्मणी करूनही भागत नाही. बोट तेच राहतं, फक्त पदराआड जातं. त्याऐवजी त्या क्षणी काय दिसत होतं ते लिहा: ‘1.40: नाडी 112, बीपी 110/70, रक्तस्राव अंदाजे 400 मिली.’ आता वाचणाऱ्याला कळतं की त्या वेळी ती बाई ठीकच वाटत असणार. तरुण बाळंतिणीचं बीपी बरंच रक्त गेलं तरी टिकून राहतं, आणि नजरेने केलेला अंदाज बहुतेक वेळा कमीच भरतो. पण नाडीला वरच्या बीपीने भागलं तर 112 भागिले 110, म्हणजे एकच्या वर. 0.9 ओलांडलं की सावध व्हायचं. हा भागाकार करायला चार्टवर रकानाच नव्हता. मग चर्चा चार्टवर जाते, आणि जायला हवी ती तिथेच.

यानंतरचं काम सगळ्यांत नाजूक. त्या रात्री ड्यूटीवर असलेल्यांशी मीटिंगच्या आधी, एकेकाशी, ड्यूटी रूममध्ये बसून बोला, फोनवर नको. ‘का केलं नाहीस?’ हा प्रश्न विचारलात की समोरचा वकिलासमोर बसल्यासारखा बोलू लागतो. ‘तेव्हा तुझ्यासमोर काय काय चाललं होतं?’ असं विचारा. मग कळतं की शेजारच्या खाटेवर एक्लॅम्प्सियाची पेशंट झटके देत होती. या केसपेपरमध्ये ते कुठेच नसतं, कारण तो पेपर दुसऱ्या बाईचा.

2.20 ते 3.35 ही पंचाहत्तर मिनिटंही अशीच उलगडा. ‘ब्लड बँकेने वेळ लावला’ हे लिहायला सोपं. सँपल घेऊन गेलेल्या वॉर्डच्या मामांना विचारल्यावर कळलं की रात्री दोन वॉर्डांना मिळून ते एकटेच, आणि सँपलवर लेबल नव्हतं म्हणून खिडकीवरून परत पाठवलं. ब्लड बँकेने ते परत पाठवलं हे बरोबरच केलं. चुकीच्या गटाचं रक्त चढलं असतं तर ही मीटिंग वेगळीच झाली असती. क्रॉसमॅचशिवाय ओ निगेटिव्ह मागवायची सोय होती, पण रात्री त्यावर सही कोणाची चालते हे लेबर रूममध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं.

स्लाइडवर पेशंटचं नाव, आयपीडी नंबर नको हे सगळ्यांना माहीत असतं. पण नोट्सचा फोटो टाकला की अर्धं डिपार्टमेंट अक्षर ओळखतं. म्हणून मजकूर टाइप करा. ‘नाइट रजिस्ट्रार’ असंही नको, कारण त्या रात्री ती एकच होती. ‘लेबर रूम टीम’ पुरे. मृत्यूचं कारण म्हणून ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहू नका. तो सगळ्यांचाच होतो. गर्भाशय शिथिल पडून झालेला रक्तस्राव, असं लिहा.

शेवटच्या स्लाइडवर ‘सर्वांनी दक्ष राहावे’ दिसलं तर मीटिंग फुकट गेली समजा. दोनच गोष्टी लिहा: चार्टवर भागाकाराचा रकाना, आणि ओ निगेटिव्हसाठी सही कोणाची हे सांगणारा कागद फोनशेजारी. प्रत्येकीपुढे कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत.

एक अपवाद आहे. नंतर बदललेली नोंद किंवा ड्यूटीवर दारू असं काही सापडलं, तर ते या मीटिंगचं काम नाही. एचओडींना वेगळं भेटून सांगा आणि केस तोवर थांबवा.

आदल्या दिवशी तयार स्लाइड्स त्या रजिस्ट्रारला आणि सिस्टरांना दाखवा. त्यांना खटकलेलं वाक्य त्यांच्यासमोरच बदला. तथ्य मात्र बदलू नका. सिस्टरांची नाइट सकाळी आठला संपते आणि मीटिंग नऊला असते, तेव्हा थांबणार का तेही विचारून घ्या.