एबीसीत भाव नव्हे, वार्षिक खप-मूल्य बघा

साठ्यातल्या वस्तूंचं महत्त्वानुसार अ, ब, क असं एबीसी वर्गीकरण करताना विद्यार्थी हमखास चुकतात ते इथे: महाग वस्तू दिसली की ती 'अ' गटात टाकतात. खरं तर वर्षभराचा खप गुणिले नगाचा भाव, हा आकडा काढून उतरत्या क्रमाने लावायचा असतो; वरच्या वस्तू 'अ' गटात, तळाच्या 'क' गटात.

समजा, सुटी मोटर 9,000 ची, पण वर्षाला 2 च लागतात: 18,000. बेअरिंग फक्त 45 चं, पण लागतात 20,000: म्हणजे 9,00,000. 'अ' गटात बेअरिंगच जाणार.

आता लक्ष कुठे द्यायचं? बेअरिंग सहा महिन्यांचं एकदम मागवलं, तर सरासरी 2,25,000 रुपये साठ्यात अडकतात. दर महिन्याला मागवलं, तर 37,500. म्हणून त्याची मोजणी वरचेवर, ऑर्डर लहान आणि सुरक्षा साठा हिशोबाने. वॉशरचं वार्षिक खप-मूल्य 15,000 च असेल, तर सहा महिन्यांचा माल खुशाल भरा. तिथे दर महिन्याचा कागदी व्याप वाचवलेल्या पैशापेक्षा महाग पडतो.

मोटर मात्र 'क' गटात गेली म्हणून विसरू नका. ती नसेल तर यंत्र बंद पडतं, आणि एबीसीला हे दिसत नाही. अशा वस्तूंसाठी, वस्तू नसेल तर काम किती अडेल हे बघणारं व्हीईडी वर्गीकरण सोबत लावावं लागतं.