संशोधन पोस्टर छपाईला देण्यापूर्वी या चुका टाळा

दापोली, रत्नागिरी किंवा सावंतवाडीच्या महाविद्यालयांत परिषदेचे दिवस जवळ आले की बहुतेक संशोधन पोस्टर लॅपटॉपच्या पडद्यावरच तयार होतात, पडद्यावरच तपासले जातात आणि पेन ड्राइव्हमधून थेट फ्लेक्सच्या दुकानात जातात. पडदा मात्र या कामी फसवा आहे, कारण तिथे आपण वाटेल तेव्हा झूम करून अक्षर मोठे करतो आणि परिषदेच्या सभागृहात उभ्या असलेल्या वाचकाला ती सोय नसते. म्हणून पोस्टरची तपासणी कागदावर व्हावी, असा माझा आग्रह आहे. त्यासाठी साधा ए-फोर कागद पुरतो.

ए-फोर पुरण्याचे कारण त्याच्या मापात आहे. ए-झिरो कागद ८४.१ सेंटिमीटर रुंद आणि ११८.९ सेंटिमीटर उंच असतो, तर ए-फोरची रुंदी आणि उंची दोन्ही त्याच्या जवळपास एक चतुर्थांश असतात. त्यामुळे ए-झिरो पोस्टर ए-फोरवर छापून तो डोळ्यांपासून ४० सेंटिमीटरवर धरला, तर अक्षरे डोळ्याला जेवढी दिसतात, तेवढीच ती प्रत्यक्ष पोस्टरवर १६० सेंटिमीटरवरून दिसतील. पोस्टरसमोर माणसे साधारण याच अंतरावर उभी राहतात. फाइल मूळची ए-झिरो मापाची असेल तर छापताना Fit हा पर्याय निवडावा, नाहीतर पानाचा फक्त एक तुकडा छापून येतो. छपाईयंत्र कडेला थोडी जागा सोडते, म्हणून अक्षरे किंचित लहान उमटतात. परीक्षा तेवढी कडक झाली तर बिघडत नाही.

एक उदाहरण घेऊन हे पूर्ण पाहू. समजा, मत्स्यविज्ञानाच्या एका विद्यार्थिनीने काळबादेवी खाडीतील तिसऱ्यांची वाढ आणि पाण्याची क्षारता यांचा संबंध मांडणारे उभे ए-झिरो पोस्टर केले आहे. खाडीत तीन ठिकाणी, वर्षभर दर महिन्याला तिने नमुने घेतले. फाइल तिने ए-फोर मापात केली आणि छपाईच्या वेळी ती चौपट मोठी होणार आहे. फाइलमध्ये शीर्षक २२ पॉइंटचे आहे, म्हणजे छापल्यावर ८८. मुख्य मजकूर ७ पॉइंटचा, म्हणजे छापल्यावर २८. हे दोन्ही आकडे चांगले आहेत आणि मार्गदर्शकांनी विचारले तर ती हेच आकडे सांगेल. पहिली आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक नेमकी इथे होते: मुख्य मजकुराचा आकार पाहून पोस्टर वाचनीय ठरवले जाते, आणि पोस्टरवरचे सर्वांत लहान अक्षर कोणते, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

ते लहान अक्षर बहुधा आलेखात दडलेले असते. विद्यार्थिनीने एक्सेलमध्ये १५ सेंटिमीटर रुंदीचा आलेख केला होता आणि त्याच्या अक्षांवरची अक्षरे १० पॉइंटची होती. तो चित्र म्हणून फाइलमध्ये आणून तिने ६ सेंटिमीटरपर्यंत लहान केला, तेव्हा अक्षरेही त्याच प्रमाणात लहान होऊन ४ पॉइंटवर आली. चित्रातल्या अक्षरांचा आकार कोणत्याही रकान्यात दिसत नाही, त्यामुळे हा बदल लक्षातच येत नाही. छापल्यावर ती १६ पॉइंटची होतील, तर शेजारच्या तक्त्यातले साडेतीन पॉइंटचे आकडे १४ पॉइंटचे होतील. ए-फोर प्रत ४० सेंटिमीटरवर धरली की मुख्य मजकूर वाचता येतो, पण महिन्यांची नावे आणि तक्त्यातले आकडे वाचण्यासाठी हात आपोआप जवळ येतो. हात जवळ येणे हीच खूण आहे. ज्या ज्या ठिकाणी तो जवळ येतो तिथे पेन्सिलीने गोल करावा आणि तपासणी पुढे चालू ठेवावी. लगेच दुरुस्तीला बसू नये. छापील मापात २४ पॉइंटपेक्षा लहान असे काही ठेवू नये, हा व्यवहारात चालणारा चांगला नियम आहे. संस्थेचे नाव आणि आभार यांना थोडी सवलत देता येईल, आलेखाच्या अक्षांना मात्र देऊ नये, कारण निष्कर्षाचा पुरावा तिथे असतो.

देवनागरी मजकुराबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. एकाच पॉइंटचे दोन फॉन्ट सारखेच मोठे दिसतील असे नसते. कोकिळा हा फॉन्ट मंगलपेक्षा बराच लहान दिसतो. शिवाय वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार यांना जागा हवी असते. ओळींमधले अंतर इंग्रजी मजकुराइतकेच घट्ट ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो आणि अक्षर मोठे असूनही वाचन अडखळते.

पोस्टर ए-झिरोसाठी केले आणि परिषदेचे फलक ए-वनचेच असल्याचे नंतर कळले, असेही घडते. तेव्हा फाइल तशीच लहान करून छापली जाते. २८ पॉइंटचा मजकूर त्यात सुमारे २० पॉइंटचा होतो आणि १६ पॉइंटची अक्षरे ११ वर येतात. फलकाचे माप आयोजकांना आधी विचारणे हाच यावरचा खरा उपाय आहे. उशीर झालाच असेल तर मजकूर कमी केल्याशिवाय सुटका नाही.

मजकूर कमी करण्याचा मुद्दा इथे ओघानेच आला, पण तो ए-वनपुरता नाही. अक्षर लहान होणे हे बहुतेक वेळा जादा तपशिलाचेच लक्षण असते. म्हणून गोल केलेल्या जागी अक्षर मोठे करण्याआधी, तो मजकूर तिथे असावा की नाही, हे ठरवावे. विद्यार्थिनीच्या तक्त्यात तीन ठिकाणे, बारा महिने आणि चार मोजमापे होती: तापमान, क्षारता, सामू आणि विरघळलेला प्राणवायू. म्हणजे १४४ आकडे. तिचा निष्कर्ष मात्र क्षारतेपुरता आहे: पावसाळ्यात गोडे पाणी खाडीत उतरून क्षारता घसरते, आणि त्या काळात तिसऱ्यांच्या वाढीचे काय होते, एवढेच तिला दाखवायचे आहे. प्रत्येक घटकाला एकच प्रश्न लावून पाहावा: हा काढला तर निष्कर्षावरचा वाचकाचा विश्वास कमी होईल का? उरलेल्या तीन मोजमापांचा वाढीशी स्पष्ट संबंध दिसला नसेल, तर ती गोष्ट एका वाक्यात लिहावी आणि ते १०८ आकडे काढावेत. क्षारतेच्या ३६ आकड्यांसाठी तक्त्याऐवजी तीन रेषांचा एक आलेख घ्यावा, म्हणजे पावसाळ्यातली घसरण पाहताक्षणी कळते. पूर्ण तक्ता ए-फोरवर छापून फलकाशेजारी ठेवावा, म्हणजे ज्याला तो हवा त्याला मिळतो.

कात्री लावताना उलट चूकही होते, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. जागा वाचवण्याच्या भरात एकके, नमुन्यांची संख्या, नमुने घेतल्याचे महिने आणि आलेखावरच्या त्रुटीरेषांचा अर्थ हेच आधी कापले जाते, कारण ते शब्द लहान आणि निरुपद्रवी दिसतात. ते गेले की आलेख नुसते चित्र उरते. त्याऐवजी प्रस्तावनेतले तिसऱ्यांच्या आर्थिक महत्त्वाविषयीचे दोन परिच्छेद कापावेत. ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बायका पाहिलेल्या श्रोत्यांना ते सांगायला नको, आणि बाहेरून आलेल्यांना एक वाक्य पुरते. कार्यपद्धतीतही उपकरणांची मॉडेल आणि रसायनांची तयारी वगळून नमुने कुठे, केव्हा, किती आणि कसे मोजले, एवढे ठेवावे.

तक्ता गेल्यामुळे फाइलमधला आलेख ६ ऐवजी ९ सेंटिमीटर रुंद करता येतो. त्याबरोबर अक्षांवरची अक्षरे ६ पॉइंटची, म्हणजे छापल्यावर २४ पॉइंटची होतात. अक्षरांना वेगळा हात न लावता पहिली अडचण सुटली.

आता वाचनाचा क्रम. मजकूर लिहिणाऱ्याला क्रम आधीच माहीत असतो, म्हणून तो स्वतःच्या पोस्टरमध्ये कधीच वाट चुकत नाही आणि ही तपासणी त्याने स्वतः करून उपयोग होत नाही. ए-फोर प्रत दुसऱ्या विभागातल्या तिघांना वेगवेगळी द्यावी, काहीही न सांगता, आणि ज्या क्रमाने त्यांनी चौकटी वाचल्या त्या क्रमाने पेन्सिलीने आकडे घालायला सांगावे. आकडे एकाच जागी जुळेनासे झाले, तर दोष वाचणाऱ्यांचा नसून त्या जागेच्या मांडणीचा असतो.

आपल्या उदाहरणात दोन स्तंभ आहेत. डावीकडे वर प्रस्तावना, तिच्या शेजारी उजवीकडे त्याच उंचीचा खाडीचा नकाशा, डावीकडे खाली कार्यपद्धती आणि तिच्या शेजारी निकाल. दोन स्तंभांमधले अंतर छापील मापात १ सेंटिमीटर आणि खाली-वर चौकटींमधले अंतरही १ सेंटिमीटर. डोळा जवळच्या आणि समान उंचीच्या गोष्टी जोडतो. इथे दोन्ही अंतरे सारखी आणि चौकटींच्या वरच्या कडा एका रेषेत असल्याने काही जण आडवे वाचतात, काही उभे. आडवे वाचणारा प्रस्तावनेवरून नकाशावर जातो, पण त्या नकाशावरची ठिकाणे कशासाठी निवडली हे त्याला खालच्या कार्यपद्धतीत कळणार असते. उपाय सोपा आहे. स्तंभांमधले अंतर ४ सेंटिमीटर करावे, एकाच स्तंभातल्या चौकटींमधले दीड सेंटिमीटर ठेवावे, आणि नकाशा कार्यपद्धतीच्या मजकुराखाली आणावा. शेजारच्या चौकटींच्या उंची मुद्दाम वेगळ्या ठेवल्या तर आडवी ओळ तयारच होत नाही. चौकटींना क्रमांक देणे किंवा बाण काढणे हा पर्याय शेवटचा; मांडणी चुकली असेल तर वाचक बाणांकडे पाहण्याआधीच पुढे गेलेला असतो.

क्रमाचा प्रश्न उंचीशीही निगडित आहे. उभ्या ए-झिरो पोस्टरची वरची कडा जमिनीपासून १९० सेंटिमीटरवर टांगली, तर खालची कडा सुमारे ७१ सेंटिमीटरवर येते, म्हणजे कमरेच्याही खाली. उजव्या स्तंभाच्या तळाशी ठेवलेला निष्कर्ष वाचायला वाकावे लागते आणि समोर दोन माणसे उभी असली तर तो दिसतही नाही. मुख्य निष्कर्ष एका वाक्यात शीर्षकाखाली, मोठ्या अक्षरांत द्यावा. तळाशी संदर्भ आणि आभार ठेवावेत.

एवढे करूनही शेवटचा टप्पा दुकानात बिघडू शकतो. फ्लेक्सचे माप अनेकदा फुटांत घेतले जाते आणि ए-झिरोऐवजी ३ बाय ४ फूट सांगितले जाते. ते ९१.४ बाय १२१.९ सेंटिमीटर होते आणि त्याचे प्रमाण ए-झिरोपेक्षा वेगळे असते. चित्र ताणून बसवले तर रुंदी जवळपास ९ टक्के वाढते आणि उंची अडीच टक्के. अक्षरे किंचित पसरट होतात, ते एक वेळ चालेल. पण नकाशाच्या मापपट्टीवरून पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर अंतरे मग एकाच हिशेबाने मोजता येत नाहीत. म्हणून प्रमाण तसेच ठेवून कडेला पांढरी पट्टी सोडायला दुकानदाराला स्पष्ट सांगावे. पैसे देण्याआधी, आलेखाचा ए-फोरएवढा भाग छापील मापात साध्या कागदावर काढून घ्यावा, तो भिंतीला छातीच्या उंचीवर चिकटवावा आणि दीड मीटर मागे उभे राहून अक्षांवरची महिन्यांची नावे वाचून पाहावीत.