दवाखान्याच्या बिलात न सांगितलेले चार्जेस: माझे ३,३०० रुपये कसे परत मिळाले

आईला पुण्यात चार दिवस ॲडमिट केलं होतं. डिस्चार्जच्या वेळी बिलात दोन अनोळखी ओळी दिसल्या: सिरिंज पंप ६०० रुपये रोज, चार दिवस, आणि 'प्रशासकीय शुल्क' १,५००. ॲडमिशनच्या वेळी यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं.

काउंटरवर वाद घातला, डॉक्टरांना भेटलो. दोन्हीकडे 'सिस्टीममधून येतं' एवढंच उत्तर. फार मनस्ताप झाला.

शेवटी उपयोग झाला तो कागदांचा. आधी बिल भरलं, पण भरताना 'हरकत राखून भरत आहे' असं लिहून त्याची पोच घेतली. मग तारीखवार बिल आणि इनडोअर केसपेपरची प्रत लेखी मागितली. २००२ च्या वैद्यकीय नियमावलीनुसार केसपेपरची प्रत ७२ तासांत द्यावी लागते. नर्सिंग चार्टवर पंपाची नोंद पहिल्याच दिवशी होती, संध्याकाळी सहाला 'पंप बंद' असं स्पष्ट लिहिलेलं. म्हणजे तीन दिवसांचे १,८०० जास्त लावले होते. रिसेप्शनजवळच्या दरफलकाचा फोटो काढला. त्यावर प्रशासकीय शुल्क नव्हतंच.

मग वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे एक पानी अर्ज दिला: प्रत्येक ओळ, रक्कम आणि त्यासमोर पुरावा. आवक शिक्का मात्र घ्याच. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांतल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार दरफलक लावणं बंधनकारक आहे, आणि दाद मिळाली नाही तर महापालिकेच्या तक्रार निवारण कक्षाकडे जाईन, हेही लिहिलं. आठवड्याने ३,३०० खात्यात आले.

दर जास्त वाटतो, एवढ्यावर मात्र हा मार्ग चालत नाही. फलकावर लिहिलेला आणि खरोखर वापरलेला चार्ज कमी झाला नाही.